फरशीवर पडलेलं सकाळी नऊचं ऊन

21 मार्चला सकाळी 9 वाजता जयसिंगपुरात सूर्य क्षितिजापासून सुमारे 33 अंश वर आलेला असतो. पूर्वेकडे तोंड करून असलेली एखादी साधी खिडकी घ्या. खालची चौकट जमिनीपासून 90 सेंटिमीटरवर, उंची 1 मीटर 20, रुंदी 90 सेंटिमीटर, मध्ये उभे गज आणि एक आडवी लाकडी पट्टी. या खिडकीतून आत येणारं ऊन फरशीवर भिंतीपासून साधारण 1 मीटर 40 सेंटिमीटरवर सुरू होतं आणि 3 मीटर 20 सेंटिमीटरवर संपतं. म्हणजे पट्टा 1 मीटर 80 सेंटिमीटरच्या आसपास लांब पडतो. तास-दीड तास आधी हाच पट्टा खोलीच्या दुसऱ्या टोकाच्या भिंतीवर चढलेला असतो आणि साडेदहापर्यंत तो आखडून खिडकीच्या पायाशी येतो. सूर्य नेमका पूर्वेला नसून थोडा दक्षिणेला असल्यामुळे पट्टा काटकोनी पडत नाही, जरासा उत्तरेकडे कलतो.

नाटकाच्या नेपथ्यात, फोटोसाठी मांडलेल्या खोलीत किंवा संगणकावर काढलेल्या घराच्या चित्रात हे ऊन खोटं पाडायचं असेल तर प्रकाशाच्या वाटेत कापलेला आकार धरावा लागतो. हा आकार दिव्याच्या पोटात, भिंगाच्या मागे बसत असेल तर त्याला गोबो म्हणतात. दिव्यापुढे, बाहेर, स्टँडवर धरायचा असेल तर ती कुकी. काम दोघांचंही सावली पाडण्याचंच, पण त्यामागचं प्रकाशशास्त्र वेगळं आहे. हौशी नाट्यसंस्थांचे बहुतेक घोटाळे हे दोन्ही एकच समजल्यामुळे होतात. आकार कापायला कुणालाही येतो. अडतं ते कडांपाशी. सावलीची कड किती मऊ असावी हे ठरवलं नाही, तर सुबक कापलेली खिडकीसुद्धा फरशीवर छापील नक्षीसारखी दिसते, किंवा दिसतच नाही.

म्हणून आधी कडेचा हिशोब करू. सूर्य म्हणजे ठिपका नव्हे. पृथ्वीवरून तो अर्ध्या अंशाहून किंचित मोठ्या तबकडीएवढा दिसतो. त्यामुळे कुठल्याही कडेची सावली एकदम तुटत नाही. आधी प्रच्छाया, मग उपच्छायेची पुसट पट्टी, मग ऊन. या पुसट पट्टीची रुंदी काढायचा नियम फार सोपा आहे. कडेपासून सावलीपर्यंत प्रकाशाने जेवढं अंतर कापलं त्याला 107 ने भागायचं. वरच्या खिडकीत खालच्या चौकटीपासून फरशीपर्यंत किरण 1 मीटर 64 सेंटिमीटर चालतो, म्हणून पट्ट्याची खिडकीजवळची कड दीड सेंटिमीटर पुसट असते. वरच्या चौकटीपासून तो 3 मीटर 80 सेंटिमीटर चालतो, म्हणून लांबची कड साडेतीन सेंटिमीटर पुसट होते. किरण तिरपा पडत असल्याने फरशीवर या आडव्या कडा मोजल्या तर पुसटपणा आणखी ताणला जातो. एकाच पट्ट्याचं एक टोक रेखीव आणि दुसरं मऊ असं का, याचं उत्तर एवढंच. खऱ्या उन्हाची ही खूण डोळा नकळत ओळखतो. सगळ्या कडा सारख्याच कोरीव असलेला पट्टा पाहिला की काहीतरी चुकलंय असं वाटतं, पण काय चुकलंय ते सांगता येत नाही.

गजांची गंमत याहून मोठी आहे. लोखंडी गज 12 मिलिमीटरचा धरला तर त्याची प्रच्छाया 12 गुणिले 107, म्हणजे साधारण 1 मीटर 28 सेंटिमीटरपर्यंतच टिकते. त्यापलीकडे गज सूर्याची तबकडी पुरती झाकूच शकत नाही. आपल्या खिडकीत तर फरशी किमान 1 मीटर 64 सेंटिमीटर दूर आहे. म्हणजे पट्ट्यात कुठेही गजाची काळी रेघ नसते. खिडकीच्या बाजूला करड्या रेघा असतात आणि लांबच्या टोकाकडे त्या विरत जातात. मधली 5 सेंटिमीटर रुंदीची लाकडी पट्टी मात्र शेवटपर्यंत गडद राहते. गोबो कापताना सगळे गज ठळक काळे काढण्याचा मोह प्रत्येकाला होतो. तो आवरायला हवा.

आता दिवा. नाटकाला लागणाऱ्या दिव्यांपैकी हे काम ज्याला नीट जमतं तो प्रोफाईल स्पॉट. त्यात मागे लंबगोल परावर्तक आणि दिवा, मध्ये गेट नावाची चपटी खाच, पुढे भिंगांची नळी. गेटमध्ये जे ठेवाल त्याची प्रतिमा भिंग फरशीवर उमटवतं. भिंतीवर चित्र पाडणारा जुना स्लाइड प्रोजेक्टर ज्यांनी पाहिला असेल त्यांना आणखी सांगायला नको. यात दिव्याचा आकार फारसा आड येत नाही, कारण कड रेखीव की मऊ हे भिंग पुढेमागे सरकवून ठरतं. प्रतिमा उलटी पडते, म्हणून गोबो खालचं वर करून बसवायचा. हे लक्षात ठेवायला सोपं, पण शिडीवर चढल्यावर हमखास विसरायला होणारं काम आहे, तेव्हा पत्र्याच्या कडेला खिळ्याने बाण ओरखडून ठेवावा.

एक उदाहरण पुरतं सोडवून पाहू. जयसिंगपूर, इचलकरंजी, सांगली या पट्ट्यातला कुठलाही साधा हॉल घ्या. दिवे टांगायचा पाइप स्टेजपासून साडेचार मीटर उंच आहे आणि विंगेत मागे सरकायला जागा बेताची, इतकी की दिव्यापासून पट्ट्याच्या मध्यापर्यंत जमिनीवरचं अंतर 3 मीटरच मिळतं. या मापात प्रकाश 56 अंशांनी उतरतो. हा सकाळी नऊचा सूर्य नव्हे, मार्चातल्या पावणेअकराचा आहे. 33 अंश हवे असतील तर दिवा जवळजवळ 7 मीटर मागे न्यावा लागेल, आणि तिथे हॉलची भिंत असते.

यावर उपाय आहे, अर्धाच. गोबो लांबट कापला की पट्टा 1 मीटर 80 सेंटिमीटरचा पाडता येतो, दिवा कितीही उभा असला तरी. फरशीला ते कळत नाही. पण पट्ट्यात पात्र येऊन उभं राहिलं की बिंग फुटतं. 160 सेंटिमीटर उंचीच्या बाईची सावली खऱ्या नऊच्या उन्हात 2 मीटर 40 सेंटिमीटर पडेल, इथे पट्ट्याच्या मध्यावर ती जेमतेम 1 मीटर 65 सेंटिमीटर पडते आणि प्रकाश चेहऱ्यावर न येता डोक्यावर ओतल्यासारखा येतो. म्हणून दिग्दर्शकाला आधीच विचारून घ्यावं की त्या पट्ट्यात कुणी उभं राहणार आहे का. बसणार असेल तर फारसं बिघडत नाही.

दुसरी गोष्ट, हा प्रकाश नेपथ्यातल्या खिडकीतून येतच नाही. दिवा इतका उंच आहे की किरण फ्लॅटच्या डोक्यावरून येतात. खिडकी पट्ट्यापासून 1 मीटर 40 सेंटिमीटरवर धरली तर पट्ट्याच्या जवळच्या कडेला जाणारा किरण फ्लॅटच्या जागी 3 मीटर उंचीवर असतो. आठ फुटी फ्लॅट असेल तर तो सहज सुटतो. दहा फुटी असेल तर वरची कड किरण खाते आणि पट्टा खिडकीच्या बाजूने कापलेला दिसतो. असं झालं की कारागीर गोबोला दोष देतात आणि तो बाहेर काढून तपासत बसतात. तपासायची युक्ती सोपी आहे. पट्ट्याच्या कापलेल्या कडेवर डोळा ठेवून दिव्याकडे पाहायचं. दिवा दिसत नसेल आणि मध्ये फ्लॅटची कड येत असेल, तर गोबो निर्दोष आहे.

आता पत्रा कापायचा. दिवा एका बिंदूतून फाकत जाणारा प्रकाश टाकतो, सूर्य समांतर टाकतो. त्यामुळे गोबोत सरळ आयत कापला तर फरशीवर आयत न उमटता दिव्यापासून दूर रुंदावत जाणारी पाचर उमटते. आपल्या मापात जवळची कड 90 सेंटिमीटर असेल तर लांबची 1 मीटर 9 सेंटिमीटर होते. खऱ्या खिडकीच्या उन्हात दोन्ही कडा सारख्याच असतात. म्हणून गोबोत आधीच उलटी पाचर कापायची.

हिशोब असा. दिव्यापासून पट्ट्याच्या मध्यापर्यंतचं तिरपं अंतर 5 मीटर 41 सेंटिमीटर. भिंग 26 अंशांचं घेऊ, कारण पट्ट्याचे चारही कोपरे मावायला 20 अंशांहून थोडं जास्त लागतं आणि 19 अंशांच्या भिंगात ते कापले जातील. गोबो बी साइझचा, म्हणजे बाहेरून 86 मिलिमीटर आणि प्रतिमेचं वर्तुळ साडेचौसष्ट मिलिमीटर. या मापाला गोबोवरचा 1 मिलिमीटर फरशीच्या अंतरावर जवळजवळ 4 सेंटिमीटर होतो. तर खिडकीची उंची गोबोवर 40 मिलिमीटर येते. फरशीवरच्या जवळच्या कडेसाठी रुंदी 26 मिलिमीटर आणि लांबच्या कडेसाठी 21 मिलिमीटर. मधली आडवी पट्टी मात्र 20 मिलिमीटरवर घ्यायची नाही. फरशीवर ती नेमकी मध्ये यायची तर गोबोवर रुंद बाजूकडून साधारण 22 मिलिमीटर आणि अरुंद बाजूकडून 18 मिलिमीटर सोडून घ्यावी लागते. ही चार आकड्यांची पाचर एकदा कागदावर काढली की बाकी सगळं पट्टीने होतं. आकडेमोड नको असेल तर दुसरी वाट आहे. कागदावर सरळ आयत काढून पारदर्शक प्लॅस्टिकवर छापायचा, प्लॅस्टिक दिव्याच्या जागी टांगून मोबाइलच्या टॉर्चने सावली पाडायची आणि फरशीवरची वाकडी आकृती पाहून कागदावर उलट वाकडी करायची. वेळ जास्त लागतो, पण येतं.

1 मिलिमीटर म्हणजे 4 सेंटिमीटर, या प्रमाणात गजांची पंचाईत होते. 12 मिलिमीटरचा गज गोबोवर 0.3 मिलिमीटरची तार होईल. हाताने कापलेल्या पत्र्यात एवढी बारीक पट्टी टिकत नाही, ती तापून वळते. लेझरने किंवा आम्लाने कोरलेल्या स्टीलच्या गोबोत ती निघते, पण त्यासाठी बाहेर करून घ्यावं लागतं. घरी करायचं तर पट्टी 1 मिलिमीटरची धरा आणि गजांची संख्या कमी करा. सहाच्या जागी तीन. मग भिंग थोडं सैल सोडलं की 4 सेंटिमीटरच्या रेघा करड्या होतात आणि डोळ्याला पटतात. इथे अचूकपणापेक्षा पुसटपणा जास्त खरा दिसतो, हे मी प्रकाशयोजना करणाऱ्या कुणालाही पुन्हा पुन्हा सांगतो.

भिंग सैल सोडायचं ते कुठल्या बाजूला, यालाही नियम आहे. पट्ट्याची खिडकीजवळची कड आधी रेखीव करायची आणि तिथेच थांबायचं. लांबची कड दिव्यापासून जवळजवळ एक मीटर जास्त दूर आहे, तेव्हा ती आपोआप थोडी मऊ राहते. वर सांगितलेल्या दीड आणि साडेतीन सेंटिमीटरच्या हिशोबाशी हे अगदी तंतोतंत जुळत नाही, पण दिशा तीच आहे. मध्यावर फोकस केला तर दोन्ही कडा सारख्या पुसट होतात आणि उन्हाचा भास जातो.

पत्रा कोणता, याबद्दल दोन वाक्यं पुरेत. टंगस्टन दिव्याच्या प्रोफाईलमध्ये गेट इतकं तापतं की पुठ्ठा, कागद, प्लॅस्टिक काहीही काही मिनिटांत धुरकट होऊन पेटतं, म्हणून तिथे स्टील किंवा अॅल्युमिनियमच. छापखान्यातल्या जुन्या ऑफसेट प्लेटा अॅल्युमिनियमच्या असतात, कटरने कापल्या जातात आणि थोड्या प्रयोगांना पुरतात. एलईडी प्रोफाईलमध्ये गेट कमी तापतं, तरी पुठ्ठा नकोच. आणि दिवा लावल्यावर गोबो बदलायचा असेल तर चिमट्याने.

ज्यांच्याकडे प्रोफाईल नाही त्यांनी कुकी वापरायची. इथे भिंग प्रतिमा पाडत नाही, नुसती सावली पडते, आणि म्हणून दिव्याचा आकार सर्वेसर्वा होतो. नियम पुन्हा तोच. सूर्याचं प्रमाण 1 ला 107 आहे. तुमच्या दिव्याच्या प्रकाश देणाऱ्या भागाची रुंदी आणि दिव्यापासून कुकीपर्यंतचं अंतर, यांचं प्रमाण त्याच्या जवळ आणायचं. हल्ली सगळीकडे मिळणारा एलईडी पार घ्या. त्याचं तोंड 20 सेंटिमीटर. त्यापुढे अर्ध्या मीटरवर पुठ्ठ्याची खिडकी धरली आणि फरशी तिथून साडेचार मीटर दूर असली तर कडेचा पुसटपणा 1 मीटर 80 सेंटिमीटर होतो. आख्ख्या पट्ट्याएवढा. म्हणजे खिडकी दिसतच नाही, फरशीवर नुसता एक मंद डाग. त्यातून पारमध्ये लाल, हिरवे, निळे असे अनेक बारीक एलईडी असतील तर प्रत्येकाची सावली वेगळ्या जागी पडते आणि कडांना रंगीत झालर येते. झालर दिसली की पुठ्ठ्याशी झटत बसू नये, दिवा बदलावा.

चालतो तो एकच ठळक चिप असलेला एलईडी, पुढचं भिंग आणि वाटी काढलेला. चिप 2 सेंटिमीटरची असेल आणि कुकी तिच्यापासून 2 मीटर 14 सेंटिमीटरवर धरली, तर प्रमाण बरोबर सूर्याएवढं, 1 ला 107. या कुकीने पडलेली सावली पुसटपणात खऱ्या उन्हासारखी वागते. कुकीचा जो भाग फरशीपासून लांब तो मऊ आणि जवळचा रेखीव, आपोआप. आपल्या मापात या अंतरावर खिडकीची कुकी 36 सेंटिमीटर रुंद कापावी लागते, तेव्हा प्लायवूड किंवा जाड पुठ्ठा चालतो, कारण इतक्या दूर उष्णता पोचत नाही. तोटा हा की उघड्या चिपचा बराचसा प्रकाश वाया जातो, त्यामुळे मोठ्या स्टेजला तो पुरत नाही. घरातल्या खोलीला, फोटोला, छोट्या फिल्मला भरपूर होतो.

सिनेमावाले कुकीला जास्त जवळचे. एके काळी त्यांना याची गरजच नव्हती, कारण ऊन खरंच असायचं. कोल्हापुरात बाबुराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत 1923 च्या ‘सिंहगड’साठी रात्रीच्या प्रसंगांना कृत्रिम दिवे लावले गेले. त्याआधी आपल्याकडे चित्रीकरण उघड्यावर, उन्हात, परावर्तक आणि कापड वापरून व्हायचं. दिवे हातात आल्यावर ऊन निर्माण करण्याची जबाबदारीही आली.

आता पानं. फरशीवर कडुनिंबाची किंवा आंब्याची सावली हवी म्हटलं की लोक पानांचे आकार कापायला बसतात. भर दुपारी एखाद्या मोठ्या झाडाखाली जाऊन जमिनीकडे पाहा, पानाचा आकार फारसा कुठे सापडत नाही. दिसतात ते उन्हाचे गोल कवडसे, एकमेकांवर चढलेले. कारण पुन्हा 107. पानांमधली फट 2 सेंटिमीटरची असेल आणि जमीन 5 मीटर खाली असेल, तर पुसटपणा 4.7 सेंटिमीटर होतो, फटीहून दुप्पट मोठा. अशा वेळी फटीचा आकार उरत नाही. फट सूचीछिद्रासारखी वागते आणि जमिनीवर सूर्याची प्रतिमा पाडते. खंडग्रास ग्रहणात झाडाखाली हजारो चंद्रकोरी पडतात त्या यामुळेच. नऊच्या तिरप्या उन्हात हे गोल मोठे आणि लांबट होतात, साधारण साडेआठ सेंटिमीटर रुंद आणि साडेपंधरा सेंटिमीटर लांब.

तेव्हा झाडाच्या सावलीचा गोबो म्हणजे पानं कापलेला पत्रा नव्हे, भोकं पाडलेला पत्रा. लहानमोठी अनियमित भोकं, काही एकमेकांत मिसळलेली, मध्ये फांदीसारख्या रुंद काळ्या वाटा सोडलेल्या, आणि भिंग बरंच सैल. भोकं सगळीकडे सारख्या दाटीने पाडली तर फरशीवर चाळणी दिसते, हा नेहमीचा दोष. झाडात एक बाजू दाट असते आणि एक विरळ, मध्येच आभाळाचं मोठं भगदाड असतं. ते पत्र्यातही हवं. पानाचा आकार रेखीव दिसायचा असेल तर पान फरशीजवळ हवं. खिडकीवर चढलेल्या वेलीचं पान, फरशीपासून दीड मीटरवर, पुसटपणा दीड सेंटिमीटर, तेव्हा 8 सेंटिमीटरचं पान ओळखू येतं. म्हणून वेल आणि झाड दोन्ही हवी असतील तर ती एका पत्र्यात साधत नाहीत. झाडाचे कवडसे प्रोफाईलमधून सैल फोकसने आणि वेलीची पानं दुसऱ्या दिव्यापुढच्या कुकीने, किंवा सरळ खरी फांदी बांधून. खऱ्या फांदीवर टेबलफॅन हलका सोडला की ती हलते. मोटरने फिरणाऱ्या चकत्या मिळतात, पण त्यातली पानं एकाच दिशेने वाहत जातात. वाऱ्यात पानं पुढे जाऊन परत येतात. मी फांदीच्याच बाजूचा आहे.

संगणकावर घराच्या अंतर्भागाची चित्रं करणाऱ्यांना हाच हिशोब जसाच्या तसा लागतो. Blender मध्ये सूर्याचा दिवा घेतला तर त्याचा `Angle` 0.53 अंश ठेवावा, बाकी पुसटपणा तो स्वतः काढतो. स्पॉटच्या दिव्यापुढे पानांचा पडदा ठेवून सावली पाडायची असेल तर दिव्याचा `Radius` महत्त्वाचा. हा अर्धव्यास आहे हे विसरू नये. पडदा दिव्यापासून 10 मीटरवर असेल तर दिव्याचा व्यास 10 भागिले 107, म्हणजे 9.3 सेंटिमीटर, आणि `Radius` ची किंमत 0.047 मीटर. Unity मध्ये दिव्याच्या `Cookie` या खान्यात थेट चित्र घातलं जातं. तिथे उपच्छाया अजिबात तयार होत नाही, चित्र जसं आहे तसं फरशीवर ताणलं जातं. म्हणून पुसटपणा चित्रातच रंगवावा लागतो, लांबच्या कडेला जास्त आणि जवळच्या कडेला कमी. पाचरही वरच्याच आकड्यांची. चित्राच्या चारही कडांना काळी किनार ठेवावी आणि `Wrap Mode` ला `Clamp` निवडावं, नाहीतर पट्ट्याबाहेर प्रकाशाचे ओघळ किंवा खिडकीच्या नकला उमटतात. दिव्याच्या सावल्या बंद असतील तर हा प्रकाश भिंतीतून आरपार जाऊन शेजारच्या खोलीतही खिडकी पाडतो. हे पाहायला कॅमेरा शेजारच्या खोलीत नेऊन एकदा खात्री करावी.

परत स्टेजवर येऊ, कारण तिथे अजून दोन अडचणी बाकी आहेत. पहिली फरशीची. बहुतेक स्टेज काळं रंगवलेलं असतं आणि काळ्यावर ऊन पडत नाही, जे पडतं ते तो रंग गिळून टाकतो. चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल असेल तर उलट होतं. ती प्रकाश आरशासारखा पुढे फेकते, त्यामुळे पट्टा स्टेजवर फिका दिसतो आणि मागच्या पडद्यावर त्याचं भलतंच प्रतिबिंब उठतं. शहाबादी फरशीचा करडा रंग दिलेलं जाड कापड अंथरलं की दोन्ही प्रश्न मिटतात, आणि ते वाड्याच्या नेपथ्याला शोभतंही. बाकीचे दिवे त्या जागेवरून बाजूला वळवायचे किंवा डिमरवर खाली आणायचे. पट्टा आजूबाजूच्या फरशीहून स्पष्ट उजळ नसेल तर गोबो कितीही चांगला असला तरी वाया जातो. पट्टा किंचित पिवळसर आणि बाकीची खोली किंचित निळसर ठेवली तर कमी उजेडातही तो उठून दिसतो. टंगस्टन दिवा डिमरवर फार खाली नेला की सकाळ जाऊन संध्याकाळ होते, हे मात्र सांभाळावं.

दुसरी अडचण प्रेक्षकांची, आणि तिच्यावर दिव्याने काही उपाय होत नाही. सपाट मजल्याच्या हॉलमध्ये खुर्चीत बसलेल्या माणसाचा डोळा जमिनीपासून 1 मीटर 10 सेंटिमीटरच्या आसपास असतो आणि स्टेज बहुधा तेवढंच उंच. म्हणजे त्याला स्टेजची फरशी एका रेघेसारखी दिसते, त्यावरचा पट्टा दिसतच नाही. चढत्या रांगांच्या नाट्यगृहात शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाचा डोळा स्टेजहून 3 मीटर वर आणि 18 मीटर दूर असेल तर त्याला फरशी साडेनऊ अंशांनी दिसते. पट्टा दिसतो, पण चपटा. गजांच्या रेघा फक्त बाल्कनीतून मोजता येतात. राज्य नाट्य स्पर्धेच्या तयारीत तालमी सपाट हॉलमध्ये होतात आणि प्रयोग नाट्यगृहात, त्यामुळे तालमीत निरुपयोगी वाटलेला पट्टा प्रयोगात दिसू शकतो आणि याच्या उलटही घडतं. रचना ठरवण्याआधी ज्या हॉलमध्ये प्रयोग आहे तिथल्या मधल्या रांगेत बसून स्टेजवर एक पांढरी सतरंजी टाकून पाहावी. सतरंजी पट्टीसारखी अरुंद दिसत असेल तर फरशीवरच्या खिडकीसाठी प्रोफाईल भाड्याने आणू नका. तोच पट्टा थोडा मागे सरकवून पलंगाच्या चादरीवर आणि मागच्या भिंतीवर चढू द्या, पाचर त्या मापाने पुन्हा काढा, आणि भाड्याचे पैसे त्या दिव्यावर खर्च करा.